कोण हवंय आपल्याला?

फोर्टातल्या एका ऑफिसात मी बरीच वर्षं टेलिफोन बोर्डवर होते. बोर्डवर बसलं की राँग नंबर आलेच. पण तिथे एकेक राँग नंबर अर्ध्या मिनिटात मिटायचा आणि घरी आल्यावर त्याच कामाला पाच-पाच मिनिटं जायची. कारण साधं होतं. बोर्डवर फोन उचलला की तोंडून आधी कंपनीचं नाव यायचं, मग नमस्कार. ज्याला डॉक्टरांचा दवाखाना हवा असे त्याला ते नाव ऐकताच कळायचं की आपण भलतीकडे आलो, आणि तो स्वतःच 'सॉरी हां' म्हणून ठेवून द्यायचा. घरी आपण नुसतं 'हॅलो' म्हणतो. त्या हॅलोवरून पलीकडच्याला काहीच पडताळता येत नाही. आपल्याच माणसाला सर्दी झाली असेल, फोन बायकोने उचलला असेल, पाहुणे आले असतील, काहीही वाटू शकतं. मग तो बोलत सुटतो.

म्हणून घरच्या फोनवर आपलं नाव आधीच सांगून टाकावं का? माझ्या मते नाही. अनोळखी माणसाला नाव द्यायचं काही कारण नसतं, बाईमाणसाने तर नाहीच. त्याऐवजी दुसरं वाक्य तयार ठेवावं: 'कोण हवंय आपल्याला?' बहुतेक लोक 'कोण बोलतंय?' असं विचारतात आणि तिथेच गाडी अडते. पलीकडचा म्हणतो, 'तुम्ही कोण?' आपण म्हणतो, 'फोन तुम्ही केलाय, तुम्ही सांगा.' दोन वाक्यांत भांडणाचा सूर लागतो आणि तोवर राँग नंबर आहे हे दोघांपैकी कुणालाच कळलेलं नसतं. 'कोण हवंय' विचारलं की तो हव्या त्या माणसाचं नाव घेतो, आपण 'इथे या नावाचं कुणी नाही' म्हणतो, आणि निम्मं काम होतं.

हे वाक्य लवकर म्हणायला हवं. कुणाचं बोलणं मध्येच तोडू नये हे आपल्या अंगात भिनलेलं असतं, पण राँग नंबरच्या बाबतीत तोडणं हीच सभ्यता. पलीकडचा माणूस आपला समजून बोलत असतो. 'रिपोर्ट आले, बरे नाहीत', 'त्या पैशांचं घरी बोलू नकोस', असलं काही तो पहिल्या वीस सेकंदांत बोलून जातो, आणि मग समोर परका आहे हे कळल्यावर त्याला जी शरम वाटते ती नुसत्या चुकीच्या नंबरापेक्षा फार मोठी असते. त्याने श्वास घेतला की आपण मध्ये शिरायचं.

यानंतर लोक 'राँग नंबर' म्हणतात आणि ठेवून देतात. बहुतेक वेळा तोच फोन मिनिटाभरात पुन्हा वाजतो. मग आपण चिडतो. पण पुन्हा लावणारा वेडा नसतो. त्याला फक्त 'चुकलं' एवढंच कळलेलं असतं, कुठे चुकलं ते नाही. म्हणून बोर्डवर आम्ही एक प्रश्न हमखास विचारायचो: 'कुठला नंबर लावलात?' आकडे त्याने वाचायचे, आपण फक्त ऐकायचे. आपला नंबर आपण सांगायचा नाही. तो वाचत असताना मनातल्या मनात पडताळायचं आणि शेवटी 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. खऱ्या राँग नंबरवाल्याला आपण काय लावलं ते सांगता येतं, निदान समोरच्या कागदावरून वाचता तरी येतं. ज्याला ते सांगता येत नाही आणि उलट 'तुमचा नंबर काय आहे मॅडम?' असं जो विचारतो, त्याच्याशी पुढे बोलायची गरज नाही.

आकडे वाचून घेतले की दोनच शक्यता उरतात. एक तर त्याने वाचलेला नंबर आपला नसतो. म्हणजे कागदावर बरोबर आहे, बोट चुकलं. त्याला सांगायचं, 'तुमच्याकडचा नंबर वेगळा आहे, पुन्हा सावकाश लावा.' तो खूश होऊन ठेवतो. दुसरी शक्यता अवघड. त्याने वाचलेला नंबर हुबेहूब आपलाच असतो. अशा वेळी 'राँग नंबर' म्हणणं जवळजवळ खोटंच, कारण नंबर राँग नाही, माणूस राँग आहे. तो कितीही वेळा लावला तरी आपल्याकडेच येणार. हे त्याला स्पष्ट सांगितलं नाही तर तो दिवसभर लावत राहतो.

आणि कागदावरच चूक असली तर? आपल्याकडे त्याचंही एक खास कारण आहे. जुन्या माणसांच्या डायऱ्यांत आकडे मराठीत असतात, आणि ते वाचणारी नातवंडं इंग्रजी आकड्यांवर वाढलेली. घाईत लिहिलेला मराठी १ त्यांना इंग्रजी नऊ वाटतो. ४ चं वरचं तोंड जरा मिटलं की तो इंग्रजी आठ होतो. ५ चा तर सर्रास चार होतो. तोंडी सांगताना वेगळी गंमत. आपण जोड्यांनी नंबर सांगतो, आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. पंचावन्न आणि पंचाण्णव रस्त्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. म्हणून नंबर पडताळताना मी जोड्या मोडायला लावते. 'पंचाण्णव म्हणजे नऊ-पाच ना?' एवढं विचारलं की पुष्कळदा पलीकडून 'अगं बाई, पाच-पाच!' असं येतं.

लँडलाइनच्या काळात आम्हाला आणखी एक मदत होती. मुंबईचे सात आकडी नंबर पुढे २ लागून आठ आकडी झाले, तेव्हा २२ म्हटलं की फोर्ट-कुलाबा, २४ म्हटलं की दादर-परळ, २५ म्हटलं की घाटकोपर-मुलुंडपासून ठाण्यापर्यंत, असं सुरुवातीच्या आकड्यांवरून एक्स्चेंज कळायचं. दादरचा दवाखाना हवा असलेला माणूस फोर्टात आला की कुठला आकडा घसरला ते आम्ही नुसत्या अंदाजाने सांगायचो. मोबाइलच्या दहा आकड्यांना असा पत्ता नाही. एक आकडा चुकला की मुलुंडचा फोन नागपुरात वाजेल, नाही तर गुवाहाटीत. २०११ पासून तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, म्हणजे आकड्यांवरून कंपनीही ओळखता येत नाही.

निवृत्त झाल्यावर मी नवं सिमकार्ड घेतलं, आणि मग दुसऱ्या शक्यतेशी माझी नीट गाठ पडली. दुकानातून मिळालेला नंबर कोरा असतो अशी आपली समजूत. तसं नसतं. प्रीपेड नंबर नव्वद दिवस अजिबात वापरला नाही आणि त्यात शिल्लकही नसली तर तो बंद होऊ शकतो. बंद झालेला नंबर कंपनीने निदान नव्वद दिवस बाजूला ठेवायचा असतो, त्यानंतर तो दुसऱ्या कुणालाही देता येतो. म्हणजे साधारण सहा महिन्यांत एका माणसाचा नंबर दुसऱ्याचा होऊ शकतो. आणि मुंबईतल्या माणसाला गावाकडून वर्षातून एकदा, गणपतीच्या आगेमागे फोन करणारी माणसं काही कमी नाहीत. त्यांच्या दोन फोनांच्या मध्ये हे सगळं घडून गेलेलं असतं.

गणपती नुकतेच आटोपले होते. संध्याकाळी कुकर लावत होते तेवढ्यात फोन वाजला.

'हॅलो.'

'बाळ्या, आवाज का असा बायकी येतो रे तुझा? मोदक पोचले काय?'

'काकू, कोण हवंय आपल्याला?'

जरा शांतता. 'बाळ्या नाही काय तिथं?'

'नाही. तुम्ही कुठला नंबर लावलात तो वाचता का? सावकाश वाचा, मी ऐकतेय.'

काकूंनी डायरी आणायला फोन तसाच ठेवला. कोंबडीचा आवाज, मग पानं चाळल्याचा आवाज, मग कुणाला तरी 'माझा चष्मा खंय?' असं विचारणं. आकडे आले ते जोड्यांनी. मी प्रत्येक जोडी मोडून विचारली. दहाच्या दहा आकडे माझेच.

इथे मी जे वाक्य म्हटलं ते ऑफिसात घासून गुळगुळीत झालेलं होतं: 'नंबर तुम्ही बरोबर लावलात काकू, पण तो आता माझ्याकडे असतो.'

'म्हणजे तुम्ही त्याच्या घरातल्या?' काकूंचा आवाज एकदम बदलला. 'लग्न केलंन काय त्याने?'

साठी उलटलेल्या बाईला अशी बढती सहसा मिळत नाही. पण काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. 'नंबर माझ्याकडे असतो' याचा गावाकडे सरळ अर्थ तोच होतो. तेव्हापासून मी वाक्यांचा क्रम बदलला. आधी 'मी त्यांना ओळखत नाही', मग 'त्यांचा जुना नंबर बंद झाला', आणि शेवटी 'कंपनीने तो मला नवा म्हणून दिला'. ओळखत नाही हे पहिल्यांदा आलं की बाकीचं नीट कानात शिरतं.

काकूंना हे पटायला वेळ लागला आणि पटल्यावर त्या गप्प झाल्या. अशा वेळी पलीकडच्याच्या मनात काय येतं हे बोर्डवर बसलेल्या कुणालाही माहीत असतं. फोन चोरीला गेला का, आणि त्याहून वाईट म्हणजे माणूसच गेला का. विचारत कुणी नाही. आपण 'अहो, तो मजेत असेल' म्हणून मोकळं होऊ नये, कारण ते आपल्याला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे तेवढंच सांगावं. मी म्हटलं, 'काकू, रिचार्ज केला नाही की नंबर जातो. लोक दुसरं स्वस्त कार्ड घेतात आणि गावाला कळवायचं राहून जातं. माझ्याकडे असे पुष्कळ फोन येतात.' 'पुष्कळ' या शब्दाने त्यांना बरं वाटलेलं ऐकू आलं. आपला बाळ्याच काही एकटा असा नाही म्हणजे!

पुढचा प्रश्न मात्र आपण विचारायचा, कारण गडबडलेल्या माणसाला तो सुचत नाही. 'त्यांचा नवा नंबर कुणाकडे असेल?' बाळ्या कुठे राहतो, काय करतो, यातलं काही विचारायचं नाही. त्याची आपल्याला गरज नाही, आणि त्या भोळेपणी सगळं सांगून टाकतील. फक्त पुढचा फोन कुणाला करायचा एवढं त्यांच्याच तोंडून निघालं पाहिजे. काकूंना गिरगावातली वहिनी आठवली. 'तिला लावते,' म्हणाल्या, 'तुम्हाला उगाच त्रास.'

त्रास संपला नव्हता. कुकरची शिट्टी व्हायच्या आत फोन पुन्हा आला. 'वहिनी?' 'नाही काकू, मीच.' काकूंचा बटणांचा फोन होता. अशा बऱ्याच फोनांवर हिरवं बटण दाबलं की शेवटी लावलेला नंबर वर येतो आणि पुन्हा दाबलं की तोच लागतो. काकू डायरीतून वहिनीचा नंबर मोठ्याने वाचत होत्या आणि बोट मात्र हिरव्या बटणावर होतं. जुन्या लँडलाइनला रीडायलचं बटण होतं, ते हेच काम करायचं. दुसऱ्यांदा फोन आला की मी आता ते सांगूनच टाकते: 'हिरवं बटण आधी दाबू नका. आकडे सगळे लावून झाल्यावर दाबा.'

तेवढ्यात एका मुलाचा आवाज आला. शाळकरी असावा. 'आजी, यात बाळूकाकाच लिहून येतंय. या खोटं बोलतात.' मला राग आला नाही. फोनच्या पडद्यावर नाव दिसलं की ते खरं वाटतं, मोठ्यांनाही. पण ते नाव फोनला आपणच कधीतरी सांगितलेलं असतं. नंबर कुणाकडे गेला हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? अनोळखी नंबरांची नावं दाखवणारी ॲपही लोकांनी भरलेल्या नावांवरच चालतात, म्हणून त्यांत आधीचा मालक बरेच दिवस राहतो. मी पोराला म्हटलं, 'तू हे नाव पुसू नकोस. नावापुढे जुना असं लिही आणि डायरीत आजीला त्या नंबरावर काट मारायला सांग.' पुसलं तर डायरीतून तोच नंबर पुन्हा भरला जातो, हा माझा अनुभव.

मग ठेवायची वेळ. काकू 'बरं, ठेवा तुम्ही' म्हणाल्या, मी 'तुम्ही ठेवा' म्हटलं. फोन करणाऱ्याने आधी ठेवायचा ही आमची बोर्डवरची शिस्त, आणि तिचं मूळ नुसत्या शिष्टाचारात नाही. जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये लाइन सोडायची किल्ली फोन करणाऱ्याच्या हातात असायची. ज्याला फोन आला त्याने रिसीव्हर ठेवला तरी करणाऱ्याने ठेवेपर्यंत जोडणी अडकून राहायची. राँग नंबरवर कुणी चिडून रिसीव्हर आपटला आणि पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करत धरून बसला, तर अडकायचा तो आपटणाऱ्याचाच फोन. आता तसं काही नाही, कुणीही कधीही ठेवावा. पण हातून ती सवय जात नाही, आणि बरंच आहे. समोरचा ओशाळलेला असतो. त्याला 'सॉरी' म्हणायला आणि आपल्याला 'काही हरकत नाही, लागेल त्यांचा नंबर' म्हणायला तेवढी जागा मिळते.

मोबाइल नवे आले तेव्हा ही जागाही महाग होती. येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. ते २००३ मध्ये बंद झाले. त्याआधी राँग नंबरवाल्याचं बोलणं आपल्याच पैशाने ऐकावं लागायचं, आणि फाडकन फोन कापायची सवय बऱ्याच लोकांना तेव्हाच लागली असावी, असा माझा आपला संशय. उलट त्याच्याही मागचा चाळीतला काळ बघा. अख्ख्या मजल्यात एक फोन, आणि बाकीच्यांच्या कार्डावर त्याच नंबरापुढे 'पी. पी.' लिहिलेलं. तिथे फोन उचलणाऱ्याला 'हे नाव आमच्याकडे नाही' म्हणायच्या आधी तीन दारं आठवायला लागायची. एखाद्याला राँग नंबर म्हणून हाकलला आणि तो तिसऱ्या खोलीतल्या जावयाचा निघाला, तर संध्याकाळी नळावर ऐकून घ्यावं लागे.

सभ्यतेला हद्द असते, तीही सांगायला हवी. दुसऱ्याचा जुना नंबर आपल्याकडे आला की त्याच्या नावाचे बँकेचे मेसेजही येतात. एकदा एक गृहस्थ फार अदबीने म्हणाले, 'ताई, तो माझा जुना नंबर, आत्ता तुमच्याकडे एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?' माणूस खराही असेल. तरीही नाही. 'मला सांगता येणार नाही, बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या,' एवढंच म्हणायचं, आवाज न चढवता. 'चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा' म्हणणाऱ्यालाही हेच: त्याने त्याच्या बँकेला सांगावं, आपण आपल्या हाताने काही पाठवू नये. जोर करू लागला तर फोन बंद, आणि पैसे गेलेच असतील तर सायबर हेल्पलाइनचा १९३० लावायचा. आणि जो राँग नंबर आहे हे कळूनही 'आवाज छान आहे तुमचा' म्हणतो, त्याला दुसरं वाक्यसुद्धा देऊ नये. ठेवायचा आणि ब्लॉक करायचा. तिथे ओशाळायची पाळी आपली नसते.

आपल्याच हातून कुठे चुकीचा लागला तर न बोलता ठेवू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ. पलीकडे एकटी म्हातारी असली तर त्या एका ब्लँक कॉलने ती रात्रभर दाराची कडी तपासत बसते. 'माफ करा, चुकून लागला' याला दोन सेकंद लागतात.

बाळ्याचे फोन मला अजून येतात. दिवाळी, लग्नसराई आणि गणपती हे त्याचे मोसम. काकू दोन दिवसांनी वहिनीच्या फोनवरून मुद्दाम बोलल्या. बाळ्या नालासोपाऱ्यात आहे, ठणठणीत आहे, कार्ड बदललंन मेल्याने. माझी तोंडओळख आता त्याच्या निम्म्या गोतावळ्याशी झालीय. परवा त्याच्या जुन्या भिशीवाल्याचा फोन होता, वसुलीचा. मी क्रमाने सांगितलं: ओळखत नाही, त्यांचा नंबर बंद झाला, कंपनीने मला दिला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, 'भेटला तर सांगा.' मी म्हटलं, 'मला भेटायचे नाहीत ते.' 'असू दे मावशी,' तो म्हणाला, 'एक जागा रिकामी झालीय. तुम्हीच का नाही येत?'